माहिती अधिकाराचं जुनं उत्तर नव्यानं लिहायचंय: काय दिलं, काय रोखलं आणि का, हे अर्जदाराला कळेल असं

टेबल_तीन (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदूरच्या एका सरकारी कार्यालयात आहे, रस्ते-नाल्यांची कामं आमच्याकडून होतात. कार्यालयाचं नाव नको. आधीच्या बाबूंची बदली झाली, माहिती अधिकाराचं टेबल माझ्याकडे आलं आणि त्यासोबत प्रथम अपिलाचा एक आदेशही आला: आधीचं उत्तर रद्द, पंधरा दिवसांत मुद्देनिहाय आणि सकारण उत्तर द्या. पत्र अर्थात हिंदीत जाईल, पण डोक्यात आधी मराठीत नीट बसवायचंय, म्हणून इथे.

अर्ज एका कॉलनीतल्या रस्ता आणि नाल्याच्या कामाबद्दल आहे. अर्जदाराने पाच गोष्टी मागितल्यात. पहिली, कार्यादेश आणि करारनामा. दुसरी, माप पुस्तिका आणि दिलेली बिलं. तिसरी, सगळ्या निविदाधारकांचे दर आणि तांत्रिक कागद. चौथी, कामावरच्या उपयंत्रींविरुद्धच्या चौकशीचे कागद आणि त्यांचं मालमत्ता विवरण. पाचवी, मधे काम का थांबलं आणि जबाबदार कोण.

आमचं जुनं उत्तर, मराठीत करून:

> मुद्दा 1 व 2: माहिती अतिविस्तृत असल्याने कलम 7(9) अन्वये देणे शक्य नाही. कार्यालयीन वेळेत येऊन अवलोकन करावे.
> मुद्दा 3: त्रयस्थ पक्षाची माहिती असून त्यांची सहमती नाही.
> मुद्दा 4: कलम 8(1)(एच) व 8(1)(जे) अन्वये देय नाही.
> मुद्दा 5: प्रश्नार्थक स्वरूप असल्याने निरंक.
> कृते, लोक सूचना अधिकारी

फाइल समोर आहे. बहुतेक कागद त्यातच आहेत. साहेब म्हणाले, मसुदा तू कर, मी बघतो. सुरुवात कुठून करू?

---

सदाशिव_पेठी

सोपं आहे. एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा असते. इथे रस्ता, निविदा, चौकशी, मालमत्ता असे चार विषय दिसतायत. अर्जच परत करा आणि वेगवेगळे अर्ज करायला सांगा. आमच्याकडे जन माहिती अधिकारी सर्रास तसंच करतात.

---

अण्णा_रामबाग

पेठी साहेब, ती 150 शब्दांची अट महाराष्ट्राच्या नियमांतली आहे. मध्य प्रदेशात ती लावता येणार नाही. शिवाय अपिलाचा आदेश झालाय, आता अर्ज परत करायचा विषयच उरला नाही.

ताई, मी तीस-एक वर्षं शासकीय कार्यालयात काढली, शेवटची काही याच टेबलावर. कलमं आत्ता बाजूला ठेवा. टेबलावर कागदांचे पाच ढीग करा. देण्यासारखे एका ढिगात. काही ओळी झाकून देता येतील ते दुसऱ्यात. सकारण रोखायचे तिसऱ्यात. चौथ्यात जे मुळात तयारच झालं नाही किंवा शोधूनही सापडत नाही ते. पाचव्यात जे दुसऱ्या कार्यालयाकडे आहे ते. तुमच्या जुन्या उत्तराचं मोठं दुखणं हेच आहे की या पाचही ढिगांना त्यात एकच 'नाही' लावलाय. घरी बसून पत्र वाचणाऱ्याला कसं कळणार की चौकशीचा कागद अस्तित्वातच नाही, की आहे पण देत नाही? पहिल्या बाबतीत तो गप्प बसेल, दुसऱ्या बाबतीत अपील करेल. त्याचा पुढचा सगळा मार्ग यावर ठरतो.

आता 7(9). ते कलम माहिती नाकारण्यासाठी नाहीच. मागितलेल्या स्वरूपात दिली तर कार्यालयाची माणसं आणि वेळ प्रमाणाबाहेर खर्च होणार असतील, तर दुसऱ्या स्वरूपात द्या, एवढंच ते सांगतं. करारनामा किती पानांचा आहे तुमचा? शंभराच्या आत असेल तर 'अतिविस्तृत' म्हणायला तोंड पाहिजे.

---

नंदिनी_सुदामानगर

माझाही असाच प्रश्न आहे. आईची फॅमिली पेन्शन सुरू होऊन मधेच बंद पडली. मी 'पेन्शन चालू करा' असा माहिती अधिकारात अर्ज केला, उत्तर आलं की ही माहिती नाही. आता अपील करू का?

---

अण्णा_रामबाग

नंदिनीताई, अपील करून पेन्शन सुरू होणार नाही. माहिती अधिकारात कागद मिळतो, काम होत नाही. पेन्शन थांबवण्याचा आदेश आणि त्यामागची टिप्पणी मागा. हयातीच्या दाखल्याची नोंद झाली का, तेही मागा. कारण हातात आलं की तक्रार कुठे करायची ते कळेल. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

---

टेबल_तीन (इंदूर)

अण्णा, ढीग केले. हे निघालं.

कार्यादेश 3 पानं, करारनामा 58, माप पुस्तिकेतली या कामाची 27 पानं, बिलं 9 पानं. म्हणजे 97. आधीच्या बाबूंनी यालाच अतिविस्तृत म्हटलं होतं!

निविदांच्या फाइलमध्ये दरांचं तुलनात्मक पत्रक आहे, 2 पानं, आमच्याच कार्यालयाने केलेलं. शिवाय तिन्ही निविदाधारकांचे तांत्रिक लिफाफे आणि ज्याला काम मिळालं त्याचं दर विश्लेषण. 'सहमती नाही' असं लिहिलंय, पण त्यांना नोटीस दिल्याचा कागद कुठेच दिसत नाही. आवक-जावक रजिस्टरही पाहिलं, जावकमध्ये नोंद नाही.

चौकशीचं असं: आरोपपत्र दिलंय, विभागीय चौकशी चालू आहे, दोन साक्षीदारांची उलटतपासणी बाकी आहे. मालमत्ता विवरण आस्थापना शाखेत आहे.

काम थांबल्याबद्दल टिप्पणीत एक पान आहे, सोबत दुसऱ्या विभागाचं दोन पानी पत्र. पाइपलाइन टाकायची असल्याने खोदकाम थांबवा, असं त्यात म्हटलंय. 'जबाबदार कोण' असं कुणी ठरवल्याचा कागद नाही.

---

ठेकेदारी_आमची

मी ठेकेदार आहे, इंदूर-देवास पट्ट्यात कामं करतो. अर्जदाराची बाजू सगळे घेतात, आमचीही ऐका. दर विश्लेषणात आम्ही माल कुठून किती रुपयांनी उचलतो, मजूर किती लावतो, यंत्राचं भाडं किती, सगळं असतं. ते बाहेर गेलं तर पुढच्या निविदेत शेजारचा माझ्याखाली एक रुपया टाकून बसेल. 8(1)(डी) कशासाठी आहे मग? आणि खरं सांगतो, असे अर्ज कित्येकदा हरलेला निविदाधारकच दुसऱ्याच्या नावाने टाकतो.

---

अण्णा_रामबाग

अर्ज कुणी आणि कशासाठी टाकला हे विचारायचा अधिकार कार्यालयाला नाही, कलम 6(2) बघा. पण तुमची बाकीची तक्रार रास्त आहे आणि तिच्यासाठी कायद्यात दरवाजाही आहे, तो कलम 11. त्रयस्थाने गोपनीय मानलेली माहिती देण्याचा विचार असेल तर अर्ज आल्यापासून पाच दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यायची. त्याला म्हणणं मांडायला नोटीस मिळाल्यापासून दहा दिवस. म्हणणं ऐकून निर्णय लोक सूचना अधिकाऱ्याने घ्यायचा. ठेकेदाराने नको म्हटलं की विषय संपला, असं नाही. त्याचं 'नको' हे एक मत आहे, तो नकाराधिकार नाही. इथे तर विचारलंच नव्हतं आणि तरी 'सहमती नाही' लिहून मोकळे झाले.

ताई, मुद्दा 3 चे तुकडे करा. तुलनात्मक पत्रक तुमच्याच कार्यालयाने केलेलं आहे, निविदा उघडताना सगळ्यांसमोर वाचले गेलेले दरच त्यात आहेत. ते आत्ताच देऊन टाका. तांत्रिक लिफाफे आणि दर विश्लेषण यांच्यासाठी तिघांना आज नोटीस काढा. पत्रात 'नाकारलं' असं लिहू नका, 'निर्णय बाकी' लिहा आणि निर्णय कोणत्या तारखेपर्यंत कळवणार तेही लिहा. मूळ मुदत गेलेली आहे हे खरं, पण नोटीस न देता कागद दिलेत तर हे ठेकेदार भाऊच अपिलात जातील.

---

ठेकेदारी_आमची

जाणारच.

---

विजयनगर_विशाल

एवढी डोकेफोड कशाला करताय? नोव्हेंबर 2025 पासून 8(1)(जे) बदललंय. डेटा संरक्षण कायद्यातून ती दुरुस्ती आली. आता 'वैयक्तिक माहितीशी संबंधित' एवढं असलं की बास. माणसाचं नाव आलं की जे लावा आणि मोकळे व्हा. बिलावर ठेकेदाराचं नाव आहे, माप पुस्तिकेवर उपयंत्रीची सही आहे. सगळंच वैयक्तिक!

---

ॲड_जोशी_छावणी

विशाल, अर्धं बरोबर बोललात. पूर्वी जे मध्ये दोन गाळण्या होत्या: माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसणं किंवा खाजगीपणात अवाजवी घुसखोरी होणं. शिवाय व्यापक जनहिताचा अपवादही त्याच ओळीत होता. तो सगळा मजकूर गेला, हे खरं. पण कलम 8(2) जागच्या जागी आहे. उघड करण्यातलं जनहित होणाऱ्या हानीपेक्षा जड असेल तर 8(1) च्या सवलती बाजूला ठेवून माहिती देता येते. म्हणजे जे लावलंत तरी 8(2) चा विचार केला की नाही, हा प्रश्न अपिलात येणारच. आणि कलम 19(5) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करायचं ओझं लोक सूचना अधिकाऱ्यावर आहे, अर्जदारावर नाही.

उपयंत्रीने माप पुस्तिकेवर सही केली ती पदाच्या नात्याने केली. सरकारी पैशाच्या बिलावर ठेकेदाराचं नाव आलं म्हणून बिलच रोखलं, तर ते टिकेल असं मला वाटत नाही. मात्र नवीन शब्दरचनेची सीमा नेमकी कुठे पडते, यावर आमच्या बारमध्येही दोन मतं आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मालमत्ता विवरण वेगळं. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच ते वैयक्तिक मानलं होतं, जुन्या शब्दांतही. ते रोखणं मला सुरक्षित वाटतं, पण कारण लिहून.

---

टेबल_तीन (इंदूर)

आणि जोशी सर, चौकशीचं? आमच्याकडे सगळे 'जांच प्रचलित है' लिहितात आणि सोडून देतात.

---

ॲड_जोशी_छावणी

चौकशी चालू आहे, एवढ्याने भागत नाही. 8(1)(एच) मध्ये शब्द आहेत की उघड केल्याने तपासात अडथळा येईल. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग प्रकरणात 2007 मध्ये हेच सांगितलं: तपास प्रलंबित असणं हे स्वतःच कारण होत नाही, माहिती दिल्याने तपासाला खीळ कशी बसेल ते दाखवावं लागतं. तुमच्याकडे ठोस कारण आहे ना? दोन साक्षीदारांची उलटतपासणी बाकी आहे. त्यांचे जबाब आधी बाहेर गेले तर ते एकमेकांचं बघून बोलतील. हेच वाक्य पत्रात घाला. आणि हे कारण फक्त जबाबांना लागतं. चौकशी अधिकारी नेमल्याच्या आदेशाला ते कसं लागेल?

---

विजयनगर_विशाल

पण नेमणुकीच्या आदेशात त्या उपयंत्रीचं नाव असेल. शिस्तभंगाची कारवाई ही वैयक्तिकच. देशपांडे प्रकरणात मेमो, कारणे दाखवा नोटीस, हे सगळंही आलं होतं. सर, तुम्हीच नाव काढलंत.

---

ॲड_जोशी_छावणी

मुद्दा बरोबर आहे, त्यात ते होतंच. म्हणून मी असतो तर उपयंत्रींनाही कलम 11 ची नोटीस काढली असती आणि आदेश देण्याचा निर्णय 8(2) खाली दोन ओळी लिहून घेतला असता: चौकशी सार्वजनिक पैशातून झालेल्या याच कामाच्या मोजमापाबद्दल आहे, घरगुती बाबीबद्दल नाही. दुसरा वकील याच्या उलट सल्ला देईल. शेवटी सही लोक सूचना अधिकाऱ्याची.

---

अण्णा_रामबाग

सहीवरून आठवलं. 'कृते' सही बंद करा. भाग झाकून माहिती देता तेव्हा कलम 10(2) नुसार निर्णय घेणाऱ्याचं नाव आणि पदनाम पत्रात लागतं. कुणीतरी कुणासाठी तरी केलेली सही म्हणजे निर्णय कुणाचाच नाही.

पाचव्या मुद्द्याचं राहिलं. 'का' विचारलं की प्रश्नार्थक म्हणून झटकायची सवय वाईट आहे. कार्यालयाने नव्याने कारण रचून द्यावं किंवा मत बनवावं, असं कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात 2011 साली ते स्पष्ट केलंय. पण कारण टिप्पणीत आधीच लिहिलेलं असेल तर तो अभिलेख आहे, तो द्यायचा. तुमचं टिप्पणीचं पान आणि ते पत्र, दोन्ही द्या. 'जबाबदार कोण' याचा कागदच नाही, तर तसं स्पष्ट लिहा आणि कोणती नस्ती पाहिली तेही लिहा.

---

टेबल_तीन (इंदूर)

मसुदा टाकतेय. उपयंत्रींना आणि निविदाधारकांना नोटिसा गेल्या. उपयंत्रींचं म्हणणंही आलं, नेमणुकीच्या आदेशाला हरकत नाही, जबाबांना आहे. तारखा आणि क्रमांक इथे गाळलेत.

> विषय: रस्ता व नाला कामाबाबत आपला अर्ज. प्रथम अपील आदेशानुसार सुधारित उत्तर. आधीचे उत्तर रद्द समजावे.
>
> थोडक्यात: आपण मागितलेल्यापैकी 104 पाने देत आहोत, त्यातील 9 पानांवर काही आकडे झाकले आहेत. साक्षीदारांचे जबाब व मालमत्ता विवरण देत नाही. निविदांच्या तांत्रिक कागदांचा निर्णय बाकी आहे. एक गोष्ट आमच्या अभिलेखात नाही.
>
> मुद्दा 1. कार्यादेश (3 पाने) व करारनामा (58 पाने) पूर्ण देत आहोत. काहीही झाकलेले नाही.
>
> मुद्दा 2. माप पुस्तिकेची 27 पाने पूर्ण देत आहोत. बिलांची 9 पाने देत आहोत. त्यात ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक व पॅन आणि मजुरांचे मोबाइल क्रमांक कलम 10 नुसार झाकले आहेत, कारण ही वैयक्तिक माहिती आहे (कलम 8(1)(जे)) आणि ती उघड केल्यास गैरवापर होऊ शकतो. कामाचे परिमाण, दर, रक्कम, कपात, दिनांक व सह्या तशाच ठेवल्या आहेत. झाकलेल्या आकड्यांशिवाय कामावर किती खर्च झाला हे पूर्ण कळते, म्हणून ते देण्यात वेगळे जनहित आढळले नाही.
>
> मुद्दा 3. सर्व निविदाधारकांच्या दरांचे तुलनात्मक पत्रक (2 पाने) पूर्ण देत आहोत. तांत्रिक कागद व दर विश्लेषण तीन निविदाधारकांनी दिलेले आहेत. त्यांना कलम 11 ची नोटीस यापूर्वी दिलेली नव्हती, ती आता दिली आहे. त्यांचे म्हणणे विचारात घेऊन निर्णय अमुक तारखेपर्यंत आपणास कळवू. हा नकार नाही.
>
> मुद्दा 4. (अ) चौकशी अधिकारी नेमल्याचा आदेश (2 पाने) देत आहोत. चौकशी सध्या साक्षीच्या टप्प्यावर आहे. (ब) साक्षीदारांचे जबाब सध्या देत नाही. दोन साक्षीदारांची उलटतपासणी बाकी आहे. जबाब आत्ता उघड झाल्यास त्यांच्या साक्षीवर परिणाम होऊन चौकशीत अडथळा येईल (कलम 8(1)(एच)). चौकशी संपल्यावर हे कारण राहणार नाही, तेव्हा आपण पुन्हा मागू शकता. (क) मालमत्ता विवरण ही संबंधित कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती आहे (कलम 8(1)(जे)). कलम 8(2) खाली विचार केला. हे विवरण या कामाच्या मोजमापाशी किंवा देयकाशी जोडणारे काही अभिलेखात नाही, म्हणून देत नाही.
>
> मुद्दा 5. काम थांबविण्याबाबतची टिप्पणी (1 पान) व संबंधित विभागाचे पत्र (2 पाने) देत आहोत. कारण त्यात नमूद आहे. जबाबदारी निश्चित केल्याचा कोणताही आदेश या कामाच्या नस्तीत किंवा पत्रव्यवहार नस्तीत आढळला नाही. आम्ही तो रोखलेला नाही, तो आमच्या अभिलेखात नाही.
>
> शुल्क: 104 पाने, प्रति पान 2 रुपये, एकूण 208 रुपये.
>
> या उत्तराने समाधान न झाल्यास कलम 19(3) नुसार 90 दिवसांत मध्य प्रदेश राज्य सूचना आयोग, भोपाळ येथे द्वितीय अपील करता येईल.
>
> (नाव, पदनाम, लोक सूचना अधिकारी)

---

अर्जांचा_राजा

मी दुसऱ्या बाजूचा माणूस, घरात उत्तरांची पोतडी पडलीये. पहिल्यांदाच असं झालं की 'थोडक्यात' वाचूनच माझं निम्मं काम झालं. 'हा नकार नाही' हे वाक्य तर फ्रेम करून ठेवीन.

पण 208 रुपये कशाचे? मुदत उलटली की माहिती फुकट. 7(6).

---

अण्णा_रामबाग

राजे, 7(6) लागतं ते 7(1) ची मुदत पाळली गेली नाही तर. त्यांचं पहिलं उत्तर तीस दिवसांत गेलं होतं का?

---

टेबल_तीन (इंदूर)

मुदतीत गेलं होतं. चुकीचं, पण मुदतीत.

---

अर्जांचा_राजा

म्हणजे वेळेवर खोटं बोललं तर पैसे घ्यायचे? ज्या उत्तरात 97 पानांना अतिविस्तृत म्हटलं आणि न काढलेल्या नोटिशीवर सहमती नाकारली, ते उत्तर धरायचंच कसं? मी तर हे आयोगापुढे नेईन.

---

ॲड_जोशी_छावणी

दोन्ही बाजूंनी बोलता येईल. अपिलात कित्येकदा अधिकारीच 'विनामूल्य द्या' लिहून वाद मिटवतात. टेबल_तीन, तुमच्या आदेशात तसं काही आहे का?

---

टेबल_तीन (इंदूर)

त्याबद्दल एक अक्षरही नाही.

---

ॲड_जोशी_छावणी

मग शुल्क लावलंत तर हिशेब आणि त्याविरुद्ध दाद कुठे मागायची हे दोन्ही लिहावं लागेल, 7(3) प्रमाणे. सध्याच्या मसुद्यात हिशेब आहे, दाद नाही.

आणखी एक. द्वितीय अपिलाचे 90 दिवस कुठून मोजायचे ते अर्जदाराला सांगा. प्रथम अपिलाच्या आदेशापासून मोजायचे, की तुमच्या या सुधारित पत्रापासून? सावध माणसाने आदेश हातात पडल्यापासूनच मोजावेत. म्हणून पत्रात त्या आदेशाची तारीख ठळक हवी, नाहीतर तो तुमच्या पत्राच्या तारखेवर विसंबून राहील आणि मुदत हुकेल. मध्य प्रदेशात द्वितीय अपिलाला 100 रुपये शुल्कही लागतं, तेही लिहा.

---

बडोद्याचा_बाळ

100? आमच्याकडे गुजरातमध्ये अर्जालाच 20 रुपये घेतात, पण अपिलाला काही नाही. बाकी मसुदा बघून आमच्या इथल्या कार्यालयात पाठवावासा वाटतोय. तिथून दर वेळी एकच छापील उत्तर येतं, फक्त तारीख बदललेली.

---

ठेकेदारी_आमची

पॅन आणि खाते क्रमांक झाकताय ते बरं. पण नीट झाका. एकदा माझ्याच बिलाची प्रत कुणालातरी दिली होती, काळ्या स्केचपेनने खाते क्रमांक रंगवून. ती प्रत खिडकीसमोर धरली तर आकडे सरळ वाचता येत होते.

---

अण्णा_रामबाग

हे महत्त्वाचं आहे. रंगवलेला कागद कधी द्यायचा नाही. मूळ कागदाला तर हातच लावायचा नाही. आधी झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सवर काळं करायचं, मग त्या काळ्या केलेल्या पानाची पुन्हा झेरॉक्स काढायची. दुसरी झेरॉक्स द्यायची. प्रकाशात धरून, पाठीमागून, तिरकं करून स्वतः बघायचं. मेलवर पाठवायचं असेल तर फाइलमध्ये नुसता काळा चौकोन टाकू नका, खालचा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवता येतो. छापून, झाकून, पुन्हा स्कॅन करून पाठवा. आणि प्रत्येक काळ्या पट्टीशेजारी बारीक अक्षरात कारण लिहा: खाते क्रमांक, पॅन, मोबाइल. नुसती पट्टी दिसली की माणसाला वाटतं, रक्कमच लपवली.

झाकलेल्या प्रतीचा एक संच नस्तीत ठेवा. उद्या आयोगाने विचारलं की नेमकं काय झाकलं होतं, तर मूळ आणि दिलेली प्रत शेजारी ठेवून दाखवता येते.

---

सदाशिव_पेठी

150 शब्दांचं बोललो ते महाराष्ट्राचं, मान्य. पण मला अजून वाटतं की उत्तर इतकं सविस्तर दिलं की अर्जदाराला नवे प्रश्न सुचतात. कार्यालयाचंच काम वाढतं.

---

अर्जांचा_राजा

माझ्या बाबतीत उलट आहे. न कळणारं उत्तर आलं की मी सरसकट सगळं परत मागतो. कळणारं आलं की जिथे शंका आहे तेवढंच मागतो. या पत्रावरून मी फक्त मुद्दा 4 (क) वर गेलो असतो, बाकी सोडलं असतं.

---

विजयनगर_विशाल

आणि (क) वर तुम्ही हरला असता.

---

अर्जांचा_राजा

बघू ना.

---

टेबल_तीन (इंदूर)

साहेबांनी मसुदा वाचला. 'थोडक्यात' वाला परिच्छेद त्यांना आधी आवडला नाही, म्हणाले सरकारी पत्रात असं लिहीत नाहीत. मग स्वतःच्या नावाने सही करायची आहे हे लक्षात आल्यावर दोनदा वाचलं आणि राहू दिला. शुल्काची ओळ काढली. 208 रुपयांसाठी आयोगापुढे उभं राहायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. कायद्यात कोण बरोबर ते काही ठरलं नाही. अपिलाच्या आदेशाची तारीख आणि 100 रुपये, दोन्ही घातले. बिलांची नऊ पानं आज दुसऱ्यांदा झेरॉक्स झाली, खिडकीशी धरून पाहिली, काही दिसत नाही.

एका निविदाधारकाचं म्हणणं आलंय, दर विश्लेषणाला हरकत, बाकीला नाही. दोघांचं यायचंय. ते आल्यावर मुद्दा 3 चा निर्णय लिहिताना परत त्रास देईन.

---

ठेकेदारी_आमची

हरकत घेणारा मी नाही, आधीच सांगून ठेवतो.